आकडा छोटा असला तरी चालेल, कशापैकी ते सांगा

> मुलगी पुण्यात बारावीला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅप भरतेय. १० अ‍ॅक्टिव्हिटीज, प्रत्येकीला १५० अक्षरं. तिनं लिहिलेलं सगळं गुळमुळीत वाटतं. सगळे म्हणतात ‘आकडे टाका’. पण तिच्याकडे मोठे आकडेच नाहीत. घराजवळच्या वस्तीतल्या १४ मुलांना वाचायला शिकवते, ढोल-ताशा पथकात आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे. घरी आजीचंही बरंच बघते. इतके छोटे आकडे लिहिले तर उलट हसं होईल का? की न लिहिलेलेच बरे?

छोटे आकडे खुशाल लिहा. चौदा मुलं हा आकडा छोटा आहे म्हणून अडत नाही. ‘१४ मुलांना शिकवते’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, अडतं ते तिथे. चौदांच्या जागी चारशे लिहिले तरी तीच गत. चौदा मुलांना आधी काय येत होतं, आता काय येतं, आणि मधे तुमच्या मुलीनं नेमकं काय केलं, यातलं काहीतरी सोबत आलं की तोच चौदाचा आकडा बोलायला लागतो. मी बरीच वर्षं पुण्या-मुंबईतल्या मुलांचे हे अर्ज वाचतोय, आणि ‘आकडे टाका’ या सल्ल्यानं जितके अर्ज सुधारलेले पाहिले तितकेच बिघडलेलेही पाहिले. बिघडलेल्यांत आकडे भरपूर असतात, पण सगळे सुटे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या यादीला किती वजन मिळतं ते कॉलेजगणिक बदलतं. मोठ्या सरकारी विद्यापीठांत काही शाखांना मार्क आणि विषयच जवळपास सगळं ठरवतात. छोटी खाजगी कॉलेजं यादीतली ओळ न् ओळ वाचतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज तर वेगळाच असतो. तिथे २० नोंदींची जागा आहे आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात, म्हणजे थोडा संदर्भ सांगायलाही वाव आहे. मी पुढे जे लिहितोय ते कॉमन अ‍ॅपच्या १५० अक्षरांपुरतं. त्यात मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही मोजली जातात हे लक्षात ठेवा.

आधी फॉर्म नीट बघा

वर्णनाचे १५० हे एकटे नाहीत. प्रत्येक नोंदीत आधी प्रकार निवडायचा असतो, मग पद किंवा भूमिका लिहायला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००. त्याखाली कोणत्या इयत्तांत केलं, शाळा चालू असताना की सुट्टीत की वर्षभर, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. म्हणजे दोन आकडे फॉर्म स्वतःच मागून घेतो. तरीही निम्मी मुलं वर्णनात पुन्हा ‘दर आठवड्याला ४ तास देऊन’ असं लिहितात आणि पंचवीस-तीस अक्षरं वाया घालवतात. दुसरी उधळपट्टी म्हणजे पदाच्या रकान्यात ‘स्वयंसेवक’ आणि वर्णनाची सुरुवात पुन्हा ‘स्वयंसेवक म्हणून काम करताना’.

पदाचे ५० नीट वापरले तर वर्णनावरचं ओझं उतरतं. ‘स्वयंसेवक’ऐवजी ‘संस्थापक आणि मराठी वाचन शिक्षिका’ लिहिलं की शिकवणं आणि भाषा दोन्ही तिथेच सांगून झालं. संस्थेच्या रकान्यात ‘वस्तीतला शनिवार-रविवार वाचनवर्ग, पुणे’ असं आलं की जागा आणि वारही झाले. संस्था नोंदणीकृत नसली तरी चालते. काहीतरी भारदस्त नाव शोधत बसू नका. आता १५० अक्षरं फक्त दोन गोष्टींसाठी मोकळी राहिली: तिनं काय केलं आणि त्यानं काय बदललं.

वाचनवर्गाची नोंद

तुमच्या मुलीचा पहिला मसुदा साधारण असा असणार, कारण सगळ्यांचा असतो: ‘वंचित मुलांना शिकवण्याची मनापासून आवड. त्यांच्यात वाचनाची गोडी आणि आत्मविश्वास निर्माण केला.’ यात खोटं काही नाही. पण हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही बारावीच्या मुलाच्या अर्जात जसंच्या तसं बसेल. एखादी ओळ दुसऱ्याच्या अर्जात न बदलता चालते का, हे बघणं ही माझी पहिली चाळणी.

मग मी मुलांना बसवून प्रश्न विचारतो. चौदा म्हणजे पटावर चौदा की रोज येणारे चौदा? कोणत्या इयत्तेतली? वर्ग कधी सुरू झाला? पहिल्या दिवशी त्यांना काय वाचता येत होतं? पुस्तकं कुठून आणली? तू नसतेस तेव्हा वर्ग होतो का? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. वर्ग तिच्याशिवाय चालत असेल तर तिनं नुसतं शिकवलं नाही, काहीतरी उभं केलं असं दिसतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

‘मी मोजलंच नाही’ हे उत्तर हमखास येतं. बहुतेक वेळा मोजलेलं असतं, फक्त तसं वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज ११ आले’ असे मेसेज असतात. फोनमधल्या फोटोंवर तारखा असतात. खडू, वह्या, झेरॉक्स यांचे पैसे ज्यानं दिले त्याच्या यूपीआयच्या हिशेबात किती प्रती काढल्या तेही सापडतं. मुलांच्या जुन्या वह्या तर सोन्यासारख्या, कारण पहिल्या पानावर नुसती मुळाक्षरं आणि शेवटच्या पानावर चार ओळींचा परिच्छेद असेल तर प्रगती तिथेच दिसते. एक संध्याकाळ बसून हे सगळं एका कागदावर उतरवून काढायला सांगा.

वाचन मोजायला ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणीतली चाचणी आहे. ती मराठीतही आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळते. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद देतात. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द नीट वाचले की मूल ‘शब्द’ पातळीवर. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. चौदा मुलांची चाचणी एका रविवारी सहज होईल.

पण इथे एक मर्यादा आहे आणि ती पाळायलाच हवी. आज चाचणी घेतली तर आजची पातळी कळेल, सुरुवातीची नाही. सुरुवातीची नोंद कुठे असेल, वह्यांतून किंवा शाळेतल्या बाईंकडून खात्रीनं कळत असेल, तरच ‘इथून इथपर्यंत’ असं लिहा. नसेल तर ‘१४ पैकी ९ आता सलग परिच्छेद वाचतात’ एवढंच लिहा. तेही चांगलं आहे. अंदाजानं ‘आधी शून्य होते’ असं बनवू नका.

समजा नोंदी निघाल्या. तर वर्णनात असं काहीसं जाईल: *तिसरी-चौथीच्या १४ मुलांना मराठी वाचायला शिकवते, गोष्टींची ६० कार्डं स्वतः लिहिली, १० महिन्यांत ९ जण अक्षरांवरून परिच्छेदावर, तयार केलेल्या २ ज्युनिअर आता वर्ग चालवतात.* इंग्रजीत हे १५० मध्ये बसतं, मी मोजून बघितलंय. इंग्रजी ओळ मुद्दाम इथे देत नाही. ती दिली की पुढच्या महिन्यात वेगवेगळ्या अर्जांत तीच ओळ फिरताना दिसते. तिचं इंग्रजी तिलाच लिहू द्या. ‘मी’ गाळायचं, क्रियापदापासून सुरुवात करायची, अजून चालू असेल तर वर्तमानकाळ, संपलं असेल तर भूतकाळ.

या ओळीत चार-पाच आकडे आहेत तरी ती हिशेबाच्या वहीसारखी वाटत नाही, कारण प्रत्येक आकडा पुढच्याला बांधलेला आहे. चौदा हा पाया, नऊ हे त्यातलेच, साठ कार्डं हे तिनं केलेलं काम, आणि दोन ज्युनिअर ही त्याची पुढची पायरी. जागा कमी पडली तर मी आधी महिने काढीन, मग कार्डं. ‘चौदापैकी नऊ’ मात्र शेवटपर्यंत सोडणार नाही.

हेच ‘६४ टक्के मुलांची प्रगती’ असं का लिहायचं नाही? चौदा जणांच्या गटाचे टक्के काढले की मागे छोटा आकडा लपवलाय असा वास येतो. आणि उरलेल्या पाच मुलांचं काय, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडला तर पडू दे. चौदाच्या चौदा यशस्वी झाले असं लिहिणाऱ्यापेक्षा नऊ लिहिणाऱ्यावर माझा विश्वास लवकर बसतो, आणि अर्ज वाचणारेही माणसंच आहेत. उलट ‘१०००+ लोकांपर्यंत पोहोचलो’ असे गोल आकडे, पुढे अधिकचं चिन्ह लावलेले, वाचणारा नजरेआड करतो. पोहोचलो म्हणजे काय? इन्स्टाग्रामवर कोणीतरी अंगठा वर सरकवताना पोस्ट दिसली असेल. त्यातून कोणाचं काय बदललं ते सांगता येत नसेल तर तो आकडा सोडून द्या.

आपले आकडे त्यांच्या भाषेत

हे आपल्याकडच्या अर्जांत हमखास राहून जातं. लाख हा शब्द तिकडे कळत नाही, आणि 1,50,000 मधला स्वल्पविराम त्यांना टायपिंगची चूक वाटतो. तिथे 150,000 असंच जायला हवं. रुपयांचा आकडा तर एकटा कधीच टाकू नका. ‘४०,००० रुपये जमवले’ हे वाचून परदेशी माणूस मनातल्या मनात डॉलर करतो आणि ‘बरं, पाचेकशे’ म्हणून पुढे जातो. त्या पैशांतून काय आलं ते लिहिलं, शाळेत पाण्याचा फिल्टर बसला किंवा आठ मुलींना सायकली मिळाल्या, की डॉलरचा प्रश्नच येत नाही. इयत्ताही ‘स्टँडर्ड’ न म्हणता ‘ग्रेड’ लिहा. झेडपी, एसएससी, एनसीसी ही लघुरूपं त्यांना ठाऊक असतील असं धरून चालू नका.

ढोल-ताशा आणि तासांचा हिशेब

पथकाच्या नोंदीत खरी गंमत वर्णनात नाही, खालच्या दोन रकान्यांत आहे. बऱ्याच पथकांचा सराव गणपतीच्या आधी दीड-दोन महिने सुरू होतो, संध्याकाळी दोन-अडीच तास. उत्सवाचे दिवस धरले तर साधारण दहा आठवडे होतात. तेव्हा आठवड्याला १४ तास, वर्षाला १० आठवडे असं भरा. मुलं काय करतात, एक तर ‘१४ तास, ५२ आठवडे’ ठोकून देतात, नाहीतर लाजून वर्षभराची सरासरी काढून ‘आठवड्याला ३ तास’ लिहितात. पहिलं खोटं, दुसऱ्यात तिची खरी मेहनत पातळ होते. हंगामी काम हंगामीच दिसू द्यावं.

अर्ज वाचणारा कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही, पण बेरीज त्याच्या डोक्यात आपोआप होत असते. आठवड्यात तास १६८. त्यातून झोप, कॉलेज, क्लास काढा. दहाही नोंदींचे तास मिळून शिक्षणवर्षाच्या एखाद्या आठवड्यात ५०-६० होत असतील तर एकेक नोंद कितीही खरी असली तरी सगळी यादी डळमळते. म्हणून सगळं भरून झालं की एक ऑगस्टमधला आठवडा आणि एक जानेवारीतला आठवडा घ्या, आणि त्या आठवड्यात जे जे चालू असतं त्याचे तास मांडून बघा. ऑगस्टमध्ये पथक चालू असताना रविवारचा वर्ग होत होता का? होत नसेल तर वर्गाचे आठवडे ५२ नसून ४० आहेत. ही विसंगती मला जितक्या वेळा सापडते तितकी दुसरी कुठलीच सापडत नाही, आणि ती फसवेगिरी क्वचितच असते. मुलं एकेक नोंद सुटी भरतात, सगळ्या एकत्र कधी बघत नाहीत.

वर्णनात पथक म्हणजे काय हे आधी चार-पाच शब्दांत सांगावं लागेल, रस्त्यावर मिरवणुकीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद, इतकं पुरे. नंतर तिचं स्वतःचं काम. ‘८० जणांच्या पथकात’ हा आकडा पथकाचा झाला, तिचा नाही. तो संदर्भापुरता ठीक, पण एवढ्यावर थांबलं तर तिनं काय केलं ते कळतच नाही. ढोल कमरेला बांधून सलग किती तास वाजवला? नव्या किती मुलींना हात बसवून दिला? सरावाच्या आधी दोऱ्या आवळून ढोल चढवायचं काम तिच्याकडे होतं का? ‘विसर्जनाला सलग ५ तास कमरेला ढोल, नव्या १२ मुलींना पहिले चार ताल शिकवले’ यात स्पर्धा नाही, बक्षीस नाही, तरी मुलगी दिसते. इथे ‘परिणाम’ शोधायच्या नादाला लागू नका. पथकानं संस्कृती जपली, समाजात एकोपा वाढवला, असल्या वाक्यांनी आधीचा ढोलही ऐकू येईनासा होतो.

जिथे आकडा लावू नये

आजीचं बघते ही गोष्ट तुम्ही प्रश्नात शेवटी, जाता जाता लिहिलीत. माझ्या मते ती यादीत असायला हवी, आणि पहिल्या चारात. कॉमन अ‍ॅपमध्ये कौटुंबिक जबाबदाऱ्या हा वेगळा प्रकारच आहे, आपल्याकडची मुलं तो बघतसुद्धा नाहीत. ‘हे काय लिहायचं, घरचंच आहे’ म्हणतात.

या नोंदीत तास आणि आठवडे खालच्या रकान्यात जातात, तेवढे आकडे बास. वर्णनात ‘आजीला ७३० वेळा औषध दिलं’ असलं काही लिहिलं तर वाचवत नाही. इथे जिवंतपणा कामाच्या नावांतून येतो: सकाळी साखर तपासून इन्सुलिन देणं, कॉलेजवरून आल्यावर तिचं जेवण गरम करणं, दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं तिला समजेल अशा मराठीत सांगणं, गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरून ठेवणं. यातलं जे खरं असेल ते. ‘आजीची काळजी घेते’ आणि ‘रोज साखर तपासून इन्सुलिन देते’ या दोन ओळींत दुसरीत एक सतरा वर्षांची मुलगी काय सांभाळते ते दिसतं, आणि त्यात आकडा एकही नाही.

इंटरमिजिएट

ही परीक्षा अ‍ॅक्टिव्हिटीजमध्ये न टाकता सन्मानांच्या यादीत टाका. तिथे पाच जागा, प्रत्येकी १०० अक्षरं, आणि शाळा, राज्य, राष्ट्रीय अशी पातळी निवडायची. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाची परीक्षा आहे, तेव्हा पातळी राज्य. एलिमेंटरीचीही ग्रेड असेल तर दोन वेगळ्या जागा अडवू नका, इंटरमिजिएट वरची परीक्षा आहे, ती एकटी पुरते.

परदेशी वाचकाला ‘ए ग्रेड’ म्हणजे किती मोठं ते कळत नाही हे खरं, आणि इथेच मुलांना ‘राज्यातल्या टॉप ५ टक्क्यांत’ असं जोडायचा मोह होतो. किती जण बसले आणि किती जणांना ए मिळाली हे त्या वर्षीच्या अधिकृत निकालात छापलेलं असेल तरच ते लिहा. नसेल तर ‘राज्य शासनाची चित्रकला परीक्षा, सर्वोच्च श्रेणी’ एवढं पुरेसं आहे. क्लासच्या सरांनी सांगितलेला टक्का हा पुरावा नव्हे. ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीचंही तसंच. प्रमाणपत्रावर जे आहे तेवढंच तुमचं.

कोण तपासतं?

प्रत्येक आकड्याचा पुरावा कोणी मागत नाही. पण तिच्या अर्जाबरोबर शाळेच्या काउन्सेलरचं आणि शिक्षकांचं पत्र जातं. तिनं ‘५० मुलं’ लिहिली आणि बाईंनी कौतुकानं ‘ती दर रविवारी दहा-बारा मुलांना शिकवते’ लिहिलं, तर दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर काही अर्ज पडताळणीसाठी निवडून कागद मागवतं. शिवाय अर्जाच्या शेवटी सगळी माहिती खरी असल्याची सही असते, आणि ती खोटी निघाली तर दिलेला प्रवेशही काढून घेता येतो. माझा साधा नियम असा: जो आकडा लिहिलाय तो कसा मोजला हे तिला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. शिक्षकांना पत्रासाठी भेटाल तेव्हा ही यादी त्यांच्या हातात द्या, म्हणजे त्यांचे आकडे आणि हिचे आकडे आपोआप जुळतील.

आता क्रम. फॉर्म स्वतःच सांगतो की महत्त्वाच्या क्रमानं लावा. मी वाचनवर्ग पहिला ठेवीन, आजी दुसरी किंवा तिसरी, पथक त्यानंतर. दहा जागा आहेत म्हणून दहा भरायलाच हव्यात असं नाही. सात चांगल्या असतील तर सातच पाठवा. नववीत एकदा केलेलं वृक्षारोपण दहाव्या जागेवर बसवलं तर वरच्या सातांचीही किंमत उतरते.

यादी पूर्ण झाली की तिला ओळखत नसलेल्या कोणाला तरी, तुमच्या ऑफिसातल्या एखाद्याला, नाव झाकून वाचायला द्या. दोन मिनिटांनी कागद परत घ्या आणि विचारा, काय काय लक्षात राहिलं? ज्या नोंदीबद्दल तो ‘समाजसेवा वगैरे’ म्हणेल ती पुन्हा लिहायची. आणि हे सगळं १ नोव्हेंबरची मुदत असलेल्या लवकरच्या फेरीसाठी असेल तर चाचणीचा रविवार याच महिन्यात उरकून टाका. दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतली निम्मी मुलं गावाला गेलेली असतात.